चेक परत आल्याची वकिली नोटीस दुकानदाराला साध्या मराठीत कशी लिहून द्यावी

नागपूरच्या इतवारीतल्या ठोक व्यापाऱ्याकडून उधारीवर माल उचलायचा, पुढच्या तारखेचा चेक देऊन ठेवायचा आणि विक्री होईल तसे खात्यात पैसे भरायचे, यावर सक्करदरा, नंदनवन, मानेवाडा भागातल्या कित्येक किराणा दुकानांचा व्यवहार चालतो. एखादा महिना मंदा गेला की चेक परत येतो आणि दोन-तीन आठवड्यांत वकिलाची नोटीस दुकानावर येते. दुकानदार चांगला मराठी वाचणारा असतो, पण 'अनादरित', 'कसूर', 'अन्वये', 'अबाधित' असे शब्द ओळीने आले की त्याच्या मनात दोनच गोष्टी उरतात: पैसे मागितलेत आणि काहीतरी फौजदारी आहे. मग तो शेजारच्या शिकलेल्या माणसाला, भाच्याला किंवा ओळखीच्या लेखनिकाला म्हणतो, 'साध्या भाषेत लिहून द्या ना.'

असं लिहून देणाऱ्यासाठी हा लेख आहे. नोटिशीतला एकच परिच्छेद घेतो, मागणीचा. बाकीची नोटीस हकीकत सांगते, कायद्याचं काम हा परिच्छेद करतो. तो सोपा करताना एखादा शब्द इकडचा तिकडे झाला तर दुकानदार चुकीच्या तारखेला, चुकीची रक्कम घेऊन, चुकीच्या समजुतीने उभा राहतो.

आधी परिच्छेद पाहू. व्यवहार नमुन्याचा आहे, भाषा मात्र अशा नोटिशींत असते तशीच आहे.

'सबब, या नोटिशीद्वारे आपणास कळविण्यात येते की, आपण माझ्या अशिलाकडून वेळोवेळी उधारीने घेतलेल्या किराणा मालाच्या कायदेशीर देण्यापोटी दिलेला दिनांक १०/०२/२०२५ रोजीचा रक्कम रु. १,८६,४००/- चा धनादेश, खात्यात पुरेशी रक्कम नसल्याच्या शेऱ्यासह अनादरित होऊन माझ्या अशिलास दिनांक १४/०२/२०२५ रोजी परत प्राप्त झालेला असल्याने, आपण सदर नोटीस प्राप्त झाल्यापासून १५ दिवसांचे आत सदर धनादेशाची रक्कम रु. १,८६,४००/- माझ्या अशिलास अदा करावी, तसेच या नोटिशीचा खर्च रु. ३,५००/- द्यावा. सदर मुदतीत धनादेशाची रक्कम अदा करण्यात कसूर केल्यास, माझ्या अशिलास आपल्याविरुद्ध परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ चे कलम १३८ अन्वये फौजदारी तक्रार तसेच रक्कम वसुलीकरिता दिवाणी कार्यवाही करणे भाग पडेल व त्याचे होणाऱ्या खर्चाची व परिणामांची सर्वस्वी जबाबदारी आपली राहील. माझ्या अशिलाचे इतर सर्व कायदेशीर हक्क अबाधित राखून ही नोटीस देण्यात येत आहे.'

नोटिशीवर तारीख ३ मार्च २०२५ आहे. दुकानावर ती शुक्रवारी, ७ मार्चला आली. दुकानदार मालाला गेला होता, गल्ल्यावर बसलेल्या पुतण्याने सही करून घेतली.

हा परिच्छेद कायद्यात काय काम करतो

लिहायला बसण्याआधी हे माहीत हवं, नाहीतर कोणता शब्द हलवता येतो आणि कोणता नाही हे कळणारच नाही. कलम १३८ प्रमाणे चेक परत आला म्हणून लगेच तक्रार करता येत नाही. चेक परत आल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत चेक घेणाऱ्याने लेखी नोटीस देऊन 'चेकची रक्कम' मागायची असते. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांच्या आत चेक देणाऱ्याने ती रक्कम दिली, तर या कलमाखालचा गुन्हा घडतच नाही. दिली नाही, तर तक्रारीचं कारण तयार होतं.

म्हणजे वरच्या लांबलचक वाक्यात कायद्याच्या दृष्टीने तीन कणे आहेत: कोणती रक्कम मागितली, मुदत किती आणि ती कशापासून मोजायची, आणि काय केलं नाही तर पुढची कारवाई होईल. सोपं करताना वाक्य कितीही तोडा, हे तीन कणे मूळच्याच आकारात राहिले पाहिजेत.

मी स्वतः एक कसोटी लावतो. माझा सोपा परिच्छेद उचलून मूळ परिच्छेदाच्या जागी ठेवला आणि वकिलाने त्याखाली सही केली, तर ती नोटीस तेवढंच काम करेल का? जास्तही नाही आणि कमीही नाही. उत्तर 'हो' येईपर्यंत कागद दुकानदाराच्या हाती द्यायचा नाही.

पहिलं काम: बोलतोय कोण, हे बदलू नका

सोपं करणारा माणूस नकळत स्वतःच्या आवाजात लिहायला लागतो: 'तुमच्याकडे व्यापाऱ्याचे १,८६,४०० रुपये बाकी आहेत.' मूळ नोटिशीत हे वाक्य असं नाही. तिथे वकील आपल्या अशिलाच्या वतीने बोलतोय आणि नोटिशीच्या अगदी वरच्या ओळीत 'माझ्या अशिलाच्या सूचनेवरून' असं त्याने लिहून ठेवलंय. 'कायदेशीर देण्यापोटी' हा त्या बाजूचा दावा आहे. तो खरा की खोटा हे अजून कोणीच ठरवलेलं नाही. तुम्ही तिऱ्हाईत म्हणून 'बाकी आहेत' असं लिहिलंत की दावा निकालासारखा दिसू लागतो आणि दुकानदारही 'हो, बाकी तर आहेत' म्हणत त्याला मान डोलवतो.

म्हणून आवाज वकिलाचाच ठेवायचा. 'माझे अशील' हा शब्दही राहू द्यावा, फक्त पहिल्यांदा येईल तिथे अशील म्हणजे कोण ते सांगावं. पैसे 'माझ्या अशिलास' द्यायचे आहेत, वकिलाला नाही, हे दुकानदाराला यामुळे आपोआप कळतं. ही गफलत मी कल्पनेने सांगत नाही. नोटीस वकिलाच्या नावाच्या कागदावर येते, म्हणून कितीतरी जण पैसे घेऊन आधी वकिलाकडे जायला निघतात.

बँकेच्या शेऱ्याचंही तसंच आहे. 'खात्यात पुरेशी रक्कम नसल्याच्या शेऱ्यासह' म्हणजे बँकेच्या परतीच्या मेमोवर तसं लिहिलंय. 'तुमच्या खात्यात पैसे नव्हते म्हणून' असं लिहिलं तर शेरा गेला आणि वस्तुस्थिती आली. शेरा शेराच ठेवा.

दुसरं काम: रकमा जिथे आहेत तिथेच ठेवा

परिच्छेदात दोन रकमा आहेत, चेकचे १,८६,४०० आणि नोटिशीच्या खर्चाचे ३,५००. 'एकूण १,८९,९०० द्या' असं लिहिणं सोपं वाटतं, आणि इथेच मोठी चूक होते. कलम १३८ ला चेकची रक्कम लागते. खर्च, व्याज वगैरे मागितलं तरी ते चेकच्या रकमेपासून वेगळं दाखवलेलं असावं लागतं. चेकची रक्कम स्पष्ट आणि सुटी मागितली असेल तर जोडीला इतर रक्कम मागितल्याने नोटीस बाद होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००० साली सांगितलं आहे. वकिलाने दोन आकडे मुद्दाम वेगळे ठेवलेत ते यासाठी. बेरीज केलीत की ते वेगळेपण पुसलं जातं. दुकानदाराकडे १,८६,४०० ची सोय झाली असेल आणि वरच्या ३,५०० साठी तो थांबून राहिला, तर त्या बेरजेनेच त्याला मुदतीबाहेर नेलं असं होईल.

उलट बाजूची चूकही होते. खर्च गौण आहे म्हणून तो वाक्यातून गाळून टाकायचा. तसंही चालणार नाही. मागणी आहे, तर ती दिसली पाहिजे.

आता मूळ वाक्य पुन्हा वाचा आणि त्यातली एक बारीक गोष्ट पाहा. '१५ दिवसांचे आत' हे शब्द फक्त चेकच्या रकमेला लागतात की 'तसेच' नंतरच्या खर्चालाही? वाक्यावरून दोन्ही अर्थ निघू शकतात. आपल्याला मोह होतो की दोन वाक्यं करून टाकावी: 'चेकची रक्कम १५ दिवसांत द्या. नोटिशीचा खर्चही द्या.' पण असं तोडलं की खर्चाची मुदत गेली. 'दोन्ही रकमा १५ दिवसांत द्या' म्हटलं की मुदत पक्की झाली. दोन्हीकडे आपण वकिलाच्या वतीने निर्णय घेतला, जो घ्यायचा अधिकार आपल्याला नाही. मूळ जिथे दोन अर्थांचं आहे तिथे सोपं रूपही तसंच राहू द्यायचं. इथे उपाय साधा आहे: दोन्ही मागण्या एकाच वाक्यात, त्याच क्रमाने, त्याच 'तसेच' ने जोडून ठेवायच्या.

पुढच्या वाक्यात मात्र संदिग्धता नाही. 'सदर मुदतीत धनादेशाची रक्कम अदा करण्यात कसूर केल्यास' असं आहे. अट फक्त चेकच्या रकमेवर आहे. 'वरील पैसे न दिल्यास' असं ढोबळ लिहिलं तर ३,५०० राहिले तरी फौजदारी तक्रार होईल, असा अर्थ निघेल. म्हणून इथे 'चेकची रक्कम' हेच शब्द पुन्हा लिहायचे. एकच शब्द दोनदा आला तर कानाला खटकतो हे खरं, पण अशा कागदात तोच शब्द परत वापरणं सुरक्षित असतं. एकदा चेक, मग धनादेश, मग 'सदर रक्कम' असं केलं की वाचणाऱ्याला वाटतं तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

चाळीस हजारांचं काय?

या टप्प्यावर दुकानदार हमखास मध्ये बोलतो. आपल्या नमुन्यातला दुकानदार मोबाईल पुढे करून म्हणतो, 'दादा, चाळीस हजार तर मी दोन फेब्रुवारीलेच टाकले ना जी यायले. हे पाहा. अन् हे पूर्णच मागून राहिले.' चेक त्याने जानेवारीत लिहून दिला होता, त्यावर तारीख १० फेब्रुवारीची होती, आणि मधल्या काळात यूपीआयवरून ४०,००० रुपये व्यापाऱ्याच्या खात्यात गेलेले मोबाईलवर दिसतात.

माणूस म्हणून आपल्याला वाटतं, मग १,४६,४०० लिहावेत, निदान कंसात तरी. तसं अजिबात करायचं नाही. नोटिशीत मागणी १,८६,४०० ची आहे. सोप्या रूपात आकडा बदलला की नोटीस जे म्हणत नाही ते आपण तिच्या तोंडी घातलं. आणि यात दुकानदाराचंच नुकसान आहे. चेक लिहून दिल्यानंतर पण तो बँकेत टाकण्याआधी काही रक्कम दिली असेल, तर ती चेकवर नोंदवावी लागते. तशी नोंद न करता पूर्ण रकमेचा चेक टाकला आणि तो परत आला, तर कलम १३८ चा गुन्हा लागत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये दिला आहे. म्हणजे व्यापाऱ्याने पूर्ण रक्कम मागितली, हीच गोष्ट दुकानदाराच्या वकिलाला फार कामाची ठरू शकते. आपण दयेपोटी आकडा 'दुरुस्त' करून दिला, तर त्याला वाटेल नोटीस बरोबरच आहे आणि तो हा मुद्दा वकिलापुढे काढणारच नाही.

दिलेले ४०,००० याच चेकपोटी होते की जुन्या एखाद्या बिलापोटी, हा वादाचा मुद्दा होऊ शकतो. तो आपल्या कागदावर सोडवायचा नाही. दुकानदाराने सांगितलेली गोष्ट खाली रेघ मारून वेगळी टिपून घ्यायची. रेघेखालच्या भागाबद्दल पुढे सांगतो.

तिसरं काम: मुदत तारखेत बदलू नका

'तारीख लिहून द्या ना, म्हणजे भानगड नाही', असं दुकानदार म्हणतो. पण परिच्छेदात तारीख नाही, घटना आहे: नोटीस मिळणं. ती घटना तशीच लिहायची. 'ही नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांच्या आत.'

'हाती पडल्यापासून' हे जास्त बोलीतलं वाटतं, मीही आधी तेच लिहायला जाईन, पण इथे ते धोक्याचं आहे. नोटीस पुतण्याने घेतली. दुकानदार म्हणेल, माझ्या हाती तर ती रविवारी पडली, म्हणून मी रविवारपासून मोजतो. कोर्ट बहुधा तसं मोजणार नाही. योग्य पत्त्यावर पोचलेली, दुकानातल्या माणसाने सही करून घेतलेली नोटीस 'मिळाली' यातच धरली जाण्याची शक्यता मोठी असते. म्हणून 'मिळाल्यापासून' हाच शब्द बरोबर. साधाही आहे आणि मूळच्या 'प्राप्त' इतकाच रुंदही आहे.

'आजपासून १५ दिवस', 'नोटिशीच्या तारखेपासून १५ दिवस' हे तर साफ चूक. आपल्या नमुन्यात नोटिशीची तारीख ३ मार्च धरली तर मुदत १८ मार्चला संपते असं वाटेल. खरी मोजणी अशी: ७ मार्चला नोटीस मिळाली, तो दिवस सोडायचा, ८ मार्च हा पहिला दिवस, आणि पंधरावा दिवस येतो २२ मार्चला. चार दिवसांचा फरक पडला. पैसे जमवणाऱ्याला चार दिवस म्हणजे एक आख्खा आठवडी बाजार असतो.

'१५ दिवसांच्या आत' च्या जागी 'दोन आठवड्यांत' किंवा 'पंधरवड्यात' लिहू नका. दोन आठवडे म्हणजे चौदाच दिवस, आणि पंधरवडा कोण कसा मोजेल याचा भरवसा नाही.

चौथं काम: धमकी जेवढी आहे तेवढीच ठेवा

'करणे भाग पडेल' चा जोर नेमका तोलावा लागतो. 'तक्रार करू शकतील' म्हटलं तर नोटीस सौम्य झाली. दुकानदार समजेल, करतील किंवा नाही करणार. 'तुमच्यावर गुन्हा दाखल होईल', 'जेल होईल' म्हटलं तर नोटिशीत नसलेलं भय आपण घातलं. 'तक्रार करावी लागेल' हे रोजचं मराठी मूळच्या जोराला बरोबर बसतं.

'फौजदारी तक्रार' हे शब्द बदलायचे नाहीत. 'पोलीस केस' लिहायचा मोह होतो, कारण दुकानदार तेच विचारतो: 'म्हणजे पोलीस येऊन राहिले का दुकानावर?' कलम १३८ ची तक्रार चेक घेणारा स्वतः लेखी स्वरूपात न्यायदंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात करतो, ती पोलीस ठाण्यात नोंदवायची नसते. 'पोलीस केस' लिहिलं तर कागद चुकीचा होतो आणि माणूस नाहक घाबरून ठाण्याच्या चकरा मारतो.

'दिवाणी कार्यवाही' ला 'दिवाणी दावा' म्हणणंही मी टाळतो. दाव्याआधी किंवा दाव्याशिवायही वसुलीची पावलं असू शकतात. मूळ शब्द रुंद आहे, म्हणून 'दिवाणी कारवाई'. आणि 'तसेच' च्या जागी 'किंवा' येऊ देऊ नका. मूळात दोन्ही वाटा सांगितल्या आहेत. 'किंवा' लिहिलं तर दुकानदार समजेल एक झाली की दुसरी सुटली.

भाषा गोड करण्याचाही मोह असतो. 'कृपया पैसे देण्याची विनंती आहे' असं लिहिलं की मागणीची विनंती होते. 'द्या' पुरेसं आहे. त्यात उद्धटपणा नाही आणि ओशाळेपणाही नाही.

शेवटचं वाक्य, हक्क अबाधित राखण्याचं, बहुतेक जण गाळतात, कारण त्यात दुकानदाराला करण्यासारखं काही दिसत नाही. पण त्याचा अर्थ असा की या नोटिशीत लिहिलं नाही म्हणून व्यापाऱ्याने आपला दुसरा एखादा हक्क सोडला असं धरू नये. उदाहरणार्थ, नोटिशीत व्याज मागितलेलं नाही म्हणून पुढे मागणारच नाहीत असा अर्थ काढता येत नाही. एका ओळीत ते राहिलंच पाहिजे.

आता सगळा परिच्छेद

'माझ्या अशिलांच्या, म्हणजे इतवारीतल्या ज्या ठोक व्यापाऱ्यांच्या वतीने ही नोटीस आहे त्यांच्या सांगण्यावरून, तुम्हाला कळवतो:

तुम्ही माझ्या अशिलांकडून वेळोवेळी उधारीवर किराणा माल घेतला. त्या मालाच्या कायदेशीर देण्यापोटी तुम्ही त्यांना १० फेब्रुवारी २०२५ या तारखेचा १,८६,४०० रुपयांचा चेक दिला. तो चेक वटला नाही. खात्यात पुरेशी रक्कम नाही, अशा शेऱ्यासह तो १४ फेब्रुवारी २०२५ रोजी माझ्या अशिलांना परत मिळाला.

म्हणून, ही नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांच्या आत या चेकची रक्कम १,८६,४०० रुपये माझ्या अशिलांना द्या, तसेच या नोटिशीचा खर्च ३,५०० रुपये द्या.

या मुदतीत चेकची रक्कम दिली नाही, तर माझ्या अशिलांना तुमच्याविरुद्ध परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ च्या कलम १३८ खाली फौजदारी तक्रार, तसेच पैसे वसूल करण्यासाठी दिवाणी कारवाई करावी लागेल. त्याचा जो खर्च होईल आणि जे परिणाम होतील, त्यांची सगळी जबाबदारी तुमची राहील.

माझ्या अशिलांचे बाकीचे सगळे कायदेशीर हक्क कायम ठेवून ही नोटीस दिली आहे.'

कायद्याचं नाव मी तसंच ठेवलं. 'चेक बाउन्सचा कायदा' असं तोंडी सांगायला हरकत नाही, पण कागदावर वकिलाला तेच नाव आणि तेच कलम दिसलं पाहिजे.

तपासणी कशी करायची

मूळ परिच्छेद एका बाजूला, आपला दुसऱ्या बाजूला ठेवून पेन्सिलने दोन्हींत आकडे, तारखा, 'आत', 'तसेच', 'केल्यास' या जागांना गोल करावेत. डावीकडे जेवढे गोल, उजवीकडे तेवढेच यायला हवेत. उजवीकडे एखादा जास्त आला तर आपण काही भर घातली आहे, कमी आला तर काही निसटलं आहे.

त्यानंतर दुकानदाराला वाचून दाखवू नका, त्यालाच वाचू द्या आणि विचारा: पैसे कोणाला द्यायचे? किती? कधीपासून मोजायचे? ३,५०० राहिले तर या नोटिशीप्रमाणे फौजदारी तक्रार होईल का? 'समजलं ना?' असं विचारून काही कळत नाही, सगळेच हो म्हणतात. तिसऱ्या प्रश्नाला तो 'नोटिशीच्या तारखेपासून' म्हणाला किंवा चौथ्याला 'हो' म्हणाला, तर दोष त्याच्या वाचण्यात शोधू नका, ते वाक्य पुन्हा लिहा.

रेघेखाली काय येतं

परिच्छेदाखाली आडवी रेघ मारून 'ही नोटिशीतली माहिती नाही' असं ठळक लिहायचं आणि त्याखाली मोजक्या टिपा द्यायच्या. आपल्या नमुन्यात त्या अशा होतील. नोटीस दुकानावर ७ मार्च २०२५ ला मिळाली, सही पुतण्याची. त्याप्रमाणे पंधरावा दिवस २२ मार्च, तो चौथा शनिवार आहे, बँका बंद. त्या दिवशी काउंटरवर डीडी निघणार नाही, एनईएफटी मात्र सुट्टीच्या दिवशीही होतं, तरी एक-दोन दिवस आधीच व्यवहार उरकावा. दुकानदाराचं म्हणणं: २ फेब्रुवारीला ४०,००० रुपये यूपीआयने दिले, मोबाईलवर नोंद आहे, हे वकिलाला आधी दाखवायचं.

शिक्षेचं विचारलं तर तेही रेघेखालीच. कलम १३८ खाली जास्तीत जास्त दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. ही कायद्याची वरची मर्यादा आहे. परिच्छेदातल्या 'परिणाम' या शब्दाच्या जागी ती बसवायची नाही.

पैसे द्यावेत की उत्तर द्यावं, पूर्ण द्यावेत की बाकी तेवढेच, हे आपण रेघेखालीही लिहायचं नाही. त्यासाठी वकील. वकील परवडत नसेल तर नागपूरच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, तिथे जाऊन विचारावं. मोफत वकील मिळायला पात्रतेच्या अटी आहेत, त्या तिथेच समजतात.

आपल्या कागदाच्या माथ्यावर 'फक्त समजण्यासाठी. मूळ नोटीसच खरी धरावी' असं लिहा. मग तो मूळ नोटिशीला टाचणी मारून जोडा, आणि सोबत पाकीटही ठेवा. दुकानदार पाकीट फाडून टाकतो, पण नोटीस कधी आणि कोणत्या पत्त्यावर आली याचा माग पाकिटावरच्या शिक्क्यांवरून आणि पोस्टाच्या नंबरावरून लागतो. पुतण्याला आठवत असेल तर त्याने सही केल्याची तारीख पाकिटावर लगेच लिहून घ्या, आणि पाकिटावरचा नंबर पोस्टाच्या ट्रॅकिंगमध्ये टाकून ती तारीख जुळते का ते पाहा. जुळली नाही तर पोस्टाची तारीख रेघेखाली लिहायची आणि पंधरा दिवस त्या तारखेवरून पुन्हा मोजायचे.